हॉलमध्ये पन्नास, स्क्रीनवर चाळीस: वक्त्याचा परिचय कसा करून द्यायचा

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना कोणीतरी ऐनवेळी सांगते की ताई, तुम्ही पाहुण्यांचा परिचय करून द्या, आणि हो, काही लोक झूमवर पण आहेत. परिचय देणं तसं आपल्याला नवीन नाही, वाचनालय म्हणा, महिला मंडळ म्हणा, कॉलेज म्हणा, नागपुरात व्याख्यानं वर्षभर सुरूच असतात. पण श्रोते दोन ठिकाणी असले की परिचयाचं कामच बदलते. हॉलमध्ये परिचय म्हणजे वक्ता उठून माईकपर्यंत येईस्तोवरची ओळख. ऑनलाइनवाल्यांसाठी मात्र तुमचं बोलणं हा कार्यक्रमाचा पहिला नीट आवाज असते, आणि त्याच दीड मिनिटात ते ठरवतात की ऐकू येतंय का, कोण बोलतंय, थांबायचं की लिंक बंद करायची. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: परिचय असा लिहायचा आणि असा द्यायचा की तो संपेपर्यंत स्क्रीनपलीकडच्या माणसाचा आवाज आणि चित्र दोन्ही पक्कं झालेलं असावं, आणि वक्त्याचं पहिलं वाक्य कोणाचंच सुटू नये.

एक उदाहरण धरून चालू म्हणजे सोपं जाईल. समजा धंतोलीकडच्या एका वाचनालयाचा छोटा हॉल आहे, पन्नास-साठ खुर्च्या, एप्रिलचा शेवट, दोन मोठे कूलर, संध्याकाळी 6 ची वेळ. वक्त्या आहेत निवृत्त प्राध्यापिका, पाण्याचा अभ्यास केलेल्या, विषय नाग नदी. हॉलमधले सगळे नागपूरचे, झूमवर पुण्या-मुंबईचे, काही परदेशात स्थायिक झालेले आपलेच लोक, आणि काही नागपूरचेच पण उन्हामुळे घरी बसून ऐकणारे. वक्त्या स्वतः हॉलमध्ये आहेत. (वक्ताच ऑनलाइन असेल तर काय करायचं ते खाली वेगळं लिहिलं आहे, तिथे गडबड जास्त होते.)

आधी वक्त्याशी बोला, बायोडाटा मागू नका

बायोडाटा मागितला की तीन पानं येतात आणि मग ती तीन पानं वाचायचा मोह होतो. त्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी फोन करा आणि चार गोष्टी विचारा. नाव कसं उच्चारायचं आणि आधी काय लावायचं, डॉक्टर, प्राध्यापक की नुसतं नाव. आजच्या विषयावर त्यांनी स्वतः काय केलं आहे, एकच गोष्ट, पण हाताने केलेली. कोणती गोष्ट सांगू नये असं वाटते, कारण जुनं पद, जुना वाद किंवा तब्येतीचा विषय मध्येच निघाला तर वक्त्याचा मूड जातो आणि ऑनलाइन रेकॉर्डिंगमध्ये ते कायमचं राहते. आणि शेवटचं, त्या कशाने सुरुवात करणार आहेत, स्लाइडने, फोटोने की नुसत्या बोलण्याने. हा चौथा प्रश्न हॉलमधल्या कार्यक्रमात कोणी विचारत नाही पण इथे फार लागतो, कारण पहिलीच गोष्ट स्लाइड असेल तर तुमचा परिचय संपायच्या क्षणी लॅपटॉपवाल्याला स्क्रीन शेअर करावी लागणार, आणि त्याला हे आधी माहीत नसलं तर वक्त्या बोलून राहिल्यात आणि ऑनलाइनवाल्यांना रिकामा पोडियम दिसून राहिला असं होते.

दीड मिनिटाचा परिचय लिहून काढा

लिहूनच काढायचा. अनुभवी माणसालाही मी हेच सांगतो, कारण हॉलमध्ये बघून बघून बोलता येते, समोरचे चेहरे सांगतात की आता पुरे, पण स्क्रीनपलीकडचा चेहरा काहीच सांगत नाही आणि बोलणं लांबत जाते. सावकाश, स्पष्ट मराठी बोललं तर एका मिनिटात साधारण 110 ते 120 शब्द होतात, म्हणजे दीड मिनिटाला 165 ते 180 शब्द. फोनवर टायमर लावून मोठ्याने वाचून बघा, मनातल्या मनात वाचलं तर नेहमी कमी वेळ दिसतो.

आपल्या उदाहरणातला परिचय मी त्याहून थोडा लहानच, असा लिहीन:

"नमस्कार. इथे हॉलमध्ये आलेल्या सगळ्यांना आणि घरून स्क्रीनवर जोडल्या गेलेल्या सगळ्यांना. आज आपल्याशी बोलणार आहेत (इथे वक्त्यांचं पूर्ण नाव), आणि विषय आहे आपली नाग नदी. जे नागपूरच्या बाहेरून ऐकताहेत त्यांच्यासाठी एवढंच सांगते, ही नदी शहराच्या पश्चिमेला लाव्हा गावाच्या बाजूने येते, अंबाझरी तलावातून निघून शहराच्या मधून वाहते आणि पुढे कन्हान नदीला मिळते. सप्टेंबर 2023 मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी ओसंडला आणि काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलं आहे. त्यानंतर मॅडम घरोघरी गेल्या, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजल्या आणि पाणी कोणत्या वाटेने आलं याचा नकाशा तयार केला. तो नकाशा त्या आज आपल्याला दाखवणार आहेत. त्या साधारण चाळीस मिनिटं बोलतील, प्रश्न शेवटी. हॉलमधल्यांनी हात वर करायचा, ऑनलाइन असलेल्यांनी चॅटमध्ये लिहायचं, ते प्रश्न मी इथून वाचून दाखवेन. मग ऐकूया (पुन्हा पूर्ण नाव) यांना. मॅडम, या."

आता यात काय कुठे ठेवलं आहे ते बघा. पहिली दोन वाक्यं मुद्दाम साधी आहेत, त्यात असं काही नाही जे सुटलं तर नुकसान होईल, कारण त्या पहिल्या काही सेकंदांत लॅपटॉपवाला बाहेर आवाज जातोय का हे तपासत असतो. नाव मात्र लगेच आलं आहे. आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे नाव शेवटी, सगळं कौतुक आधी आणि मग नाव आलं की टाळ्या. हॉलमध्ये ती चालते, कारण पाहुण्या समोर बसलेल्या दिसतात, मागे फ्लेक्सवर नावही असते. ऑनलाइनवाल्याला फ्लेक्स दिसत नाही, चौकटीत फक्त तुम्ही दिसता, आणि दीड मिनिट त्याला वाटत राहते की वक्त्या म्हणजे तुम्हीच. म्हणून नाव दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी, आणि शेवटचं सावकाश, कारण उशिरा जॉइन झालेल्यांसाठी तेच पहिलं असते.

नदीची ती ओळ हॉलसाठी अनावश्यक आहे, धंतोलीत बसलेल्या माणसाला नाग नदी कुठे आहे हे कोण सांगेल. पण एक वाक्य बाहेरच्यांसाठी आणि त्याच्या मागोमाग एक वाक्य हॉलमधल्यांसाठी, पाणी तुम्ही पाहिलं आहे, असं दोघांना आलटून पालटून धरलं की कोणालाच आपण बाहेरचे आहोत असं वाटत नाही. याउलट काय होते ते बघा, परिचय देणारा म्हणतो "मागच्या दारापाशी चहा आहे", "देशपांडे सर बसलेत त्यांना विचारा", "मघाशी बोललो तसं", आणि स्क्रीनपलीकडच्याला यातलं काहीच लागू होत नाही. हॉलमधल्या सूचना द्यायच्याच असतील तर ऑनलाइनचं प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी देऊन टाका.

आणि प्रश्न कसे विचारायचे ते परिचयातच सांगा, शेवटी नाही. ऑनलाइन माणसाला टाइप करायला वेळ लागतो, त्याला आधीपासून माहीत असलं की तो ऐकता ऐकता लिहून ठेवतो. शेवटी सांगितलं की पहिले पाच प्रश्न हॉलमधलेच होतात आणि चॅटमधले प्रश्न येईस्तोवर आभारप्रदर्शन सुरू झालेलं असते.

एक माणूस फक्त ऐकायला ठेवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळ्यात जास्त टाळलं जाते. हॉलमधल्या स्पीकरमधून आवाज छान येतोय याचा अर्थ झूमवर आवाज जातोय असा होत नाही, दोन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत. माईकचा आवाज मिक्सरमध्ये जातो, तिथून एक वाट हॉलच्या स्पीकरकडे आणि दुसरी वाट वायरने लॅपटॉपकडे. ही दुसरी वायर नीट लागली नसली किंवा झूममध्ये चुकीचा माईक निवडलेला असला तर लॅपटॉपचा स्वतःचा बारका माईक आवाज उचलत बसतो. बाहेरच्यांना मग आवाज येतो, पण विहिरीतून आल्यासारखा, घुमणारा, आणि सोबत कूलरची घरघर. आवाज येतच नसता तर कोणीतरी लगेच ओरडलं असतं, हा वाईट आवाज मात्र लोक सहन करतात, पाच मिनिटांनी निघून जातात, आणि तुम्हाला कळतही नाही.

ओळखायची सोपी युक्ती आहे. लॅपटॉपच्या कडेवर, माईकच्या भोकाजवळ, नखाने हळूच खरवडा. बाहेर ऐकणाऱ्याला ती खरखर ऐकू आली तर लॅपटॉपचा माईक चालू आहे. झूममध्ये म्यूटच्या बटणाशेजारी छोटा बाण असतो, तो दाबला की `Select a Microphone` खाली यादी दिसते, त्यातून मिक्सरकडून येणारं इनपुट निवडायचं, बहुतेक वेळा त्याच्या नावात `USB` असं असते. मिक्सरमधून येणारी वायर थेट लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घालू नका असंही साउंडवाल्या भाऊंना सांगा, मिक्सरचा सिग्नल त्या भोकासाठी फार जोरदार असतो, आवाज फाटून जातो, मध्ये एक छोटं यूएसबी साउंड कार्ड लावावं लागते.

आता ऐकणारा माणूस. तो हॉलच्या शेवटच्या रांगेत किंवा बाहेरच्या वऱ्हांड्यात, हातात फोन, कानात इअरफोन. फोनवरून साधा श्रोता म्हणून झूमला जॉइन झालेला, त्याचा माईक बंद. इअरफोन हवाच, फोनच्या स्पीकरवर ऐकलं तर तो आवाज पुन्हा हॉलच्या माईकमध्ये शिरू शकतो. आणि फोन हॉलच्या वायफायवर नको, मोबाइल डेटावर हवा, कारण हॉलचं नेट गेलं तर लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकदमच बंद पडतील, बाहेर बाकीच्यांचं काय झालं ते कळणारच नाही.

या माणसाशी तीन खुणा ठरवून घ्या. अंगठा वर म्हणजे आवाज बरोबर, बोलत राहा. हात कानावर म्हणजे आवाज जात नाही. तळहात समोर म्हणजे थांबा. तुम्ही पहिली दोन वाक्यं बोलता तेवढ्यात त्याचा अंगठा वर यायला हवा. आला की पुढे जा. हात कानावर गेला तर सरळ हॉलला सांगा, "एक मिनिट थांबूया, ऑनलाइनच्या मंडळींना आवाज जात नाहीये", आणि दुरुस्त झाल्यावर परिचय पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करा, अर्ध्यातून नाही. हॉलला थोडं दोनदा ऐकावं लागेल, चालेल, कोणी तक्रार करत नाही. दोन-तीन मिनिटांत जमलं नाही तर पर्यायी मार्ग तयार ठेवा: एक दुसरा फोन झूमला जॉइन करून पोडियमवर बोलणाऱ्याच्या तोंडासमोर उभा करायचा, त्याचा माईक चालू पण त्याच्या स्पीकरचा आवाज शून्य, आणि लॅपटॉपचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर दोन उपकरणं एकमेकांचा आवाज उचलून शिट्टी वाजवायला लागतात. आवाज फार सुंदर नसेल, पण शब्द कळतील.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, स्टेजवरून "ऑनलाइनवाल्यांना आवाज येतोय का?" असं विचारू नका. झूमवर तुमचा प्रश्न जवळपास लगेच पोहोचतो, पण कोणीतरी टाइप करून पाठवेस्तोवर आणि तुम्हाला ते दिसेस्तोवर दहा सेकंद जातात आणि हॉल गप्प बसून बघत राहतो. यूट्यूब लाइव्हवर तर चित्रच मागे चालत असते, नेहमीच्या सेटिंगवर कधी पंधरा सेकंद, कधी त्याहून बरंच जास्त, म्हणजे उत्तर येते तेव्हा तुम्ही तिसऱ्याच वाक्यावर असता आणि ते उत्तर आताच्या आवाजाचं आहे की मघाच्या, कळत नाही.

उभं कुठे राहायचं, बघायचं कुठे

कॅमेरा बहुतेक वेळा लॅपटॉपचाच असतो. तो टेबलावर ठेवला की खालून वर बघतो, आणि लोकांना तुमची हनुवटी आणि पंखा दिसतो. स्टुलावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून डोळ्यांच्या उंचीला आणा, पोडियमपासून दोन-अडीच मीटरवर. मागे खिडकी असेल तर पडदा ओढा, संध्याकाळी 6 ला नागपूरचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून चांगलंच आत येते आणि समोरचा माणूस काळी सावली होऊन जातो. जमिनीवर टेपचा तुकडा चिकटवा, तिथे उभं राहिलं की तुम्ही चौकटीत आहात हे पक्कं. वक्त्यांनाही ती टेप दाखवून ठेवा.

बघायचं कुठे, याला माझा नियम सोपा आहे. "स्क्रीनवर जोडल्या गेलेल्या", "नागपूरच्या बाहेरून", "चॅटमध्ये लिहायचं", ही वाक्यं लेन्सकडे बघून बोलायची, बाकी सगळी हॉलकडे. कागदावर त्या वाक्यांसमोर मोठा ठिपका काढून ठेवा. लेन्सकडे म्हणजे लेन्सकडे, स्क्रीनवर आपला चेहरा दिसतो तिकडे नाही, तिकडे बघितलं की पलीकडच्याला वाटते तुम्ही त्याच्या छातीकडे बघताय. लेन्सच्या बाजूला एक रंगीत टिकली चिकटवली की नजर आपोआप तिथे जाते.

कूलरबद्दल एक. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करा असं कोणीही म्हणणार नाही. पण त्याचा झोत पोडियमवर यायला नको. हवा थेट माईकवर आदळली की बाहेर भुस्स-भुस्स ऐकू येते, हॉलमध्ये ते तेवढं जाणवत नाही. कूलरचं तोंड श्रोत्यांकडे वळवा, माईकवर फोमची टोपी लावा, आणि माईक तोंडापासून चार बोटांवर धरा. लांबून बोललं तर झूम आवाजातली घरघर कापायला जाते आणि सोबत तुमच्या शब्दांची शेवटची अक्षरंही कापते, मराठीत तर क्रियापदच शेवटी, त्यामुळे मॅडम आल्या की आल्या नाहीत हेच कळत नाही.

स्वागत-सत्कार कुठे घालायचा

आपल्याकडे शाल-श्रीफळ होणारच, ते व्हायलाच पाहिजे. पण त्याची जागा बघा. परिचय आणि भाषण यांच्या मध्ये सत्कार घातला की ऑनलाइनवाल्याला चार लोकांच्या पाठी, फोटोवाल्याचा कोपर आणि माईकवर शालीची सरसर एवढंच मिळते, आणि परिचयाने तयार झालेलं लक्ष तिथेच निघून जाते. सत्कार आधी, मग परिचय, मग लगेच भाषण, हा क्रम ठेवा. सत्कार सुरू करताना लेन्सकडे बघून एक वाक्य बोला, "आता दोन मिनिटं आपण पाहुण्यांचं स्वागत करतोय", आणि त्या वेळात माईक बंद. फोटो काढणारे लेन्सच्या समोर उभे राहणार नाहीत हे कोणातरी एका तरुण पोराला सांगून ठेवा, तो तेवढंच बघेल.

हातातला माईक देताना

परिचय संपतो तिथे खरी परीक्षा. तुमचं शेवटचं वाक्य आणि वक्त्याचं पहिलं वाक्य यांच्यामध्ये तीन गोष्टी घडतात: टाळ्या, माईक हातातून हातात जाणं, आणि लॅपटॉपवर चित्र बदलणं.

टाळ्यांचं असं आहे की झूम त्यांना गोंगाट समजतो आणि दाबतो. हॉलमध्ये कडकडाट, बाहेर शांतता नाहीतर तुटक-तुटक खट-खट. त्याच वेळी वक्त्यांनी बोलायला सुरुवात केली तर त्यांचेही पहिले शब्द दाबले जातात. म्हणून वक्त्यांना आधीच सांगा की मॅडम, टाळ्या थांबल्या की मनात तीन मोजा आणि मग सुरू करा. माईक हातात धरून तुम्ही स्वतः टाळ्या वाजवू नका, ते ठोके सरळ श्रोत्याच्या इअरफोनमध्ये जातात.

शक्य असेल तर दोन माईक घ्या, तुमचा वेगळा, वक्त्यांचा वेगळा, कॉलर माईक असला तर फारच छान, तो सत्कार झाल्यावर लावून घ्यायचा आणि तुमचं शेवटचं वाक्य झालं की साउंडवाल्याने चालू करायचा. एकच माईक असेल तर द्यायच्या आधी त्याचं बटण बंद करा, मग द्या, आणि वक्त्यांना म्हणा की बटण वर करून घ्या. बंद न करता दिला तर हाताळण्याचा धडधड आवाज बाहेर जातो, आणि बंद करून दिला पण सांगितलं नाही तर पहिलं वाक्य वाया. दोन्ही वाईट, त्यातल्या त्यात दुसरं जास्त.

लॅपटॉपवाल्याने या क्षणी काय करायचं ते त्याच्या कागदावर लिहून द्या. त्याच्यासाठी तुमचं खुणेचं वाक्य एकच असायला हवं, आपल्या उदाहरणात "मॅडम, या." ते ऐकलं की तो हॉलच्या लॅपटॉपचं नाव बदलतो. झूममध्ये तुमच्या चौकटीखाली कितीतरी वेळा वाचनालयाचं नाव किंवा कोणाच्यातरी मुलाचं नाव दिसत असते, `Rename` करून तिथे वक्त्यांचं नाव आणि विषय टाकायचा, मराठीत टाइप करून ठेवलेलं असलं की नुसतं पेस्ट. मग तीच चौकट सगळ्यांना मोठी दिसावी म्हणून `Spotlight for Everyone`, आणि कोणाच्या घरातला कुकर वाजू नये म्हणून `Mute All`. या तीन गोष्टी कार्यक्रमाच्या आधी एकदा करून बघा, क्रमाने, घड्याळ लावून. पंधरा सेकंदांच्या आत व्हायला पाहिजेत. स्लाइडने सुरुवात असेल तर स्लाइड आधीच उघडून ठेवलेली, फक्त शेअर करायची बाकी.

वक्ताच ऑनलाइन असेल तर

समजा मॅडमना ऐनवेळी पुण्याला जावं लागलं आणि त्या तिथून बोलणार. आता वक्त्या स्क्रीनवर, पन्नास लोक हॉलमध्ये पडद्याकडे बघत बसलेले. इथे दोन गोष्टी बदलतात.

पहिली आवाजाची. त्यांचा आवाज लॅपटॉपमधून मिक्सरमध्ये येतो आणि हॉलच्या स्पीकरमधून ऐकू येतो. मिक्सरने तोच आवाज परत लॅपटॉपकडे पाठवला तर त्यांना स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येते, आणि अशा आवाजात कोणीही नीट बोलू शकत नाही, माणूस अडखळायला लागतो. साउंडवाल्याला एवढंच सांगा की लॅपटॉपकडून येणाऱ्या चॅनेलचा आवाज लॅपटॉपकडे परत जायला नको, त्या चॅनेलचा ऑक्स शून्य करा, त्याला बरोबर कळेल. आणि परिचय संपला की तुमचा माईक लगेच बंद, कारण स्पीकरचा आवाज तुमच्या माईकमधून पण परत जाऊ शकतो. वक्त्यांनी बोलताना थांबून "माझाच आवाज येतोय" म्हटलं तर पहिल्यांदा तुमचा माईक बघा, मग मिक्सर.

दुसरी गोष्ट क्षणाची. हॉलमधल्या वक्त्याला तुम्ही हात करून बोलावता, ऑनलाइन वक्त्याला तुमचा हात नीट दिसत नाही आणि शब्द किंचित उशिरा पोहोचतात. म्हणून त्यांच्याशीही तेच खुणेचं वाक्य ठरवा: "मॅडम, या" ऐकलं की म्यूट काढायचं, एक "नमस्कार" म्हणायचं आणि थांबायचं. हॉलमधून "नमस्कार, आवाज छान येतोय" असं तुम्ही उत्तर दिलं की मग पुढे बोलायचं. त्या नमस्काराच्या देवाणघेवाणीत आवाज दोन्ही बाजूंनी तपासून होतो आणि श्रोत्यांना तो परिचयाचाच भाग वाटतो. मधल्या एक-दोन सेकंदांच्या शांततेत "मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात" असं लगेच ओरडायचं नाही. मनात पाच मोजायचे, तोपर्यंत त्या बोलायला लागलेल्या असतात. पाच झाले तरी आवाज नाही तेव्हा सांगायचं.

हॉलमध्ये पडद्यावर त्यांचा चेहरा परिचयाच्या वेळेपासूनच असू द्या, पण मोठा नको, बाजूला. दीड मिनिट मोठ्या पडद्यावर आपली स्तुती ऐकत बसणं कोणालाही अवघड जाते. "मॅडम, या" झालं की मोठा करायचा.

परिचय झाल्यावर लगेच कुठे बसायचं

बऱ्याच ठिकाणी परिचय देणारा खाली उतरून दुसऱ्या रांगेत जाऊन बसतो आणि त्याचं काम संपते. इथे संपत नाही. तुम्ही परिचयात शब्द दिला आहे की चॅटमधले प्रश्न मी वाचेन, तर कॅमेऱ्याच्या बाजूला, चॅट दिसेल अशा ठिकाणी बसा, फोनवर आवाज बंद ठेवून झूम उघडलं तरी चालते. पहिली दोन मिनिटं चॅटवरच लक्ष ठेवा, काही बिघडलं असलं तर लोक तेवढ्यातच लिहितात, आवाज कमी येतोय, स्लाइड दिसत नाही, मॅडम चौकटीबाहेर आहेत. त्यानंतर कोणी लिहीत नाही.

सोबत तीन-चार कोरे कागद आणि जाड मार्कर ठेवा. मॅडम माईकपासून लांब गेल्या तर "माईक जवळ", टेपवरून सरकल्या तर "थोडं डावीकडे", एवढंच, मोठ्या अक्षरात, आणि कागद लेन्सच्या वर धरा म्हणजे वाचताना त्यांची नजर ऑनलाइनवाल्यांकडेच राहील. मध्ये उठून माईक नीट करायला जाऊ नका, तुम्ही कॅमेऱ्यासमोर आलात की चौकटीत फक्त तुमची पाठ असते. डावं म्हणजे वक्त्यांचं डावं, हेही आधीच ठरवून घ्या.

प्रश्नांची वेळ आली की पहिला प्रश्न चॅटमधला घ्या, नाव आणि गाव सांगून वाचा. नंतर हॉलमधल्या कोणी विचारलं आणि त्यांच्याकडे माईक गेला नसेल तर तो प्रश्न तुम्ही माईकवर पुन्हा सांगा आणि मगच मॅडमना उत्तर देऊ द्या.